आमची वाटचाल: जेल रोडवरची टायपिंगची दुकान आणि पान ४१२

सुरुवात सगळ्यांना माहितीच आहे म्हणून लवकर आटपतो. इंदूरला जेल रोडवर एका जिन्याखाली रेमिंग्टनची दोन मशिनं, मग कॉम्प्युटर, मग कृतिदेव फॉन्टमधे कोर्टाचे अर्ज, मग कृतिदेवमधलं सगळं युनिकोडमधे करून द्यायची कामं. मधली बरीच वर्षं दाल-रोटी चालली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते २०१८चं, कारण त्या वर्षी दुकान जवळजवळ बंद पडली होती आणि दोष कोणाचा म्हणाल तर माझाच, पण थोडा आमच्या जुन्या पार्टनरचाही आहे, तो येईलच पुढे.

सियागंजच्या एका पेढीचे मुनीमजी आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्यांच्या मालकांच्या भावाभावांत वाटणी होत होती आणि १९९४ ते २००१ची स्टॉक रजिस्टरं एक्सेलमधे हवी होती. ६०० पानं, नऊ पिनांच्या डॉट मॅट्रिक्सवर इंग्रजीत छापलेली, प्रत्येक पानावर २५ ओळी आणि ८ कॉलम: नंबर, तारीख, पार्टी, माल, बोरी, वजन, रक्कम, शेरा. म्हणजे पानाला २०० खाने. हाताने टाइप करायचं तर एक पान वीस मिनिटं धरा, सरळ २०० तासांचं काम. आम्ही स्कॅन करून टेसरॅक्टवर, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या ओसीआर प्रोग्रामवर, चालवलं, टेबल बनवून घेतलं. (स्कॅन ३०० डीपीआयवर करा, २००वर करून वेळ वाचवाल आणि नंतर रडाल, हे मी कोणालाही फुकट सांगतो.)

आता किती बरोबर आलंय ते कळायला तपासणी हवीच, तेवढं आम्हाला तेव्हाही कळत होतं. पहिली दहा पानं मी हाताने टाइप करवून घेतली आणि खान्याला खाना जुळवला. २००० खान्यांत ६० चुकले. ९७ टक्के! मी खूश. आमचा जुना पार्टनर तोपर्यंत विजयनगरला एसी ऑफिस थाटून बसला होता आणि बोर्डावर ‘९९ टक्के अचूक’ लिहून बसला होता, म्हटलं दोनच टक्क्यांचा फरक आहे ना, रेट तर आपला निम्मा. बाकी काहीही न तपासता फाइल पाठवून दिली.

चौथ्या दिवशी मुनीमजी पायऱ्या चढून आले, हातात एक प्रिंट. ‘‘काहो भिया, हे पान ४१२ जरा बेरीज करा.’’ ते स्वतः बोटांनी आधीच करून आले होते. लाखाच्या वर फरक. एका ओळीत 1250.00चं 125000 झालं होतं, शाई फिकी होती, टिंब दिसलंच नाही मशीनला. मुनीमजी रागावले नाहीत, ते जास्त वाईट. बिल थांबलं तीन महिने, स्कॅनरचा हप्ता माझ्या डोक्यावर, आणि नंतर कळलं की पेढीचं दुसरं काम विजयनगरला गेलं. तिथेही ते नीट झालं नाही असं ऐकलं, पण ते असो.

त्या रात्री मी ते ६० चुकलेले खाने परत उघडून बसलो आणि तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. शेऱ्याचा कॉलम जवळजवळ सगळा रिकामा, २५०च्या २५० जुळले. नंबरचा कॉलम एक ते पंचवीस, तोही २५०च्या २५०. हे पाचशे खाने फुकटचे मार्क. तारखेत २, पार्टीत १०, मालात ३, बोरीत २, वजनात ८ आणि एकट्या रकमेत ३५. म्हणजे ज्या कॉलमसाठी मुनीमजी पैसे देत होते त्यात २५०पैकी ३५ चुका, ८६ टक्के, आणि मी त्यावर ९७चं लेबल लावून माल दिला होता. तेव्हापासून आमच्याकडे एकत्र टक्का कोणी विचारला तरी मी कॉलमवार कागद पुढे ठेवतो.

विजयनगरचे ९९ टक्के होते कशाचे, तर अक्षरांचे. हे समजून घ्या. एका अंकाला ९९ टक्के असेल आणि रकमेत सहा अंक असतील तर ०.९९ सहा वेळा स्वतःशी गुणा, ०.९४ येतं. शंभरातल्या सहा रकमा चुकणार, आणि रक्कम अर्धी बरोबर असून काय उपयोग, एक अंक चुकला की खाना गेला. बोर्ड खोटा नव्हता असं मी म्हणेन, पण पुरा खराही नव्हता.

दुसरी चूक अशी की पहिली दहा पानं घेतली. पहिली पानं म्हणजे नवी रिबन, नवीन वर्ष, कोरं रजिस्टर. पुढे रिबन झिजते आणि कोणी बदलत नाही, हे ज्याने डॉट मॅट्रिक्स चालवलाय त्याला सांगायला नको. मग मी आणि आमची सौ, आम्ही दोघांनी दिवसभर बसून ६०० पानांचे नुसते चेहरे पाहिले आणि तीन गठ्ठे केले. स्वच्छ ३८०, फिकी १५०, आणि बाइंडिंगच्या कडेला वाकलेली ७०. प्रत्येक गठ्ठ्यातून चिठ्ठ्या टाकून आठ-आठ पानं काढली. २४ पानं, ४८०० खाने.

ही २४ पानं दोघींनी वेगवेगळी टाइप केली, सौने आणि दुकानातल्या मुलीने, आणि दोघींनाही मशीनचं आउटपुट दाखवलं नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं. समोर मशीनचा 38 दिसत असला की माणूस कागदावरचा 33 पण 38च वाचतो, डोळा आळशी असतो. दोघींचं जिथे जुळलं नाही तिथे मी स्कॅन उघडून निकाल दिला. त्यातून जो पक्का शीट झाला त्याला आम्ही gold म्हणतो आणि मशीनचा शीट ocr. दोन्ही शीटचे कॉलम टेक्स्ट म्हणून ठेवायचे, नाहीतर एक्सेल स्वतःच 1250.00चं 1250 करून बसतं. रकमेच्या कॉलमला एवढंच सूत्र:

```
=IF(SUBSTITUTE(SUBSTITUTE(gold!G2," ",""),",","")=SUBSTITUTE(SUBSTITUTE(ocr!G2," ",""),",",""),0,1)
```

स्पेस आणि स्वल्पविराम काढून टाकायचे कारण 12,500 आणि 12500 ही चूक नव्हे. पण टिंब काढायचं नाही! मी पहिल्यांदा हुशारी करून टिंबही काढलं होतं, आकडा झकास वर गेला, आणि मग लक्षात आलं की पान ४१२ची चूक मी अशाने कायमची लपवली असती. काय माफ करायचं ते गिऱ्हाइकाच्या नुकसानीवरून ठरवावं.

फिक्या गठ्ठ्यातलं एक पान रकमेत जेमतेम २५ टक्के जुळलं. घाबरलो. पाहिलं तर मशीनने सातवी ओळच गाळली होती, म्हणून खालच्या सगळ्या ओळी एकेक घर वर सरकल्या आणि बरोबर असलेलं सगळं चुकीच्या शेजाऱ्याशी जुळवलं जात होतं. म्हणून आधी नंबरच्या कॉलमवरून ओळी लावायच्या, गाळलेली ओळ तिच्या जागी रिकामी ठेवायची (तिचे खाने चुकलेलेच मोजायचे), मग सूत्र लावायचं. एखादं पान अचानक कोसळलेलं दिसलं तर पहिला संशय यावरच घ्या, वाचण्यावर नंतर.

रकमेचे ६०० खाने होते, त्यात ७१ जुळले नाहीत. ते सगळे स्कॅनवर पाहिले तर ९ ठिकाणी मशीन बरोबर आणि दोघी मिळून चूक, फिक्या शाईतला 3 दोघींनाही 8 वाटलेला. राहिले ६२. स्वच्छ गठ्ठ्यात २००पैकी २, फिक्यात ३८, वाकलेल्यात २२.

इथे एक घोळ होतो, माझाही होणार होता. ६०० मधे ६२ म्हणजे दहा टक्क्यांच्या वर, असं सरळ म्हणायचं नाही, कारण गठ्ठे सारखे नाहीत, पानं मात्र सारखी उचललीत. स्वच्छ ३८० पानांत ९५०० रकमा, १ टक्का म्हणजे ९५ चुका. फिक्यांत ३७५० रकमा, १९ टक्क्याने ७१२. वाकलेल्यांत १७५०, ११ टक्क्याने १९२. एकूण १५०००मधे हजारभर, पावणेसात टक्के. आणि महत्त्वाचं हे की हजारातल्या नऊशे चुका २२० पानांत बसल्यात.

मग तपासणी किती करायची ते आपोआप ठरलं. फिकी आणि वाकलेली, त्यांचा फक्त रकमेचा कॉलम पूर्ण हाताने, मशीनचं न बघता, मग मशीनशी जुळवून जिथे फरक तिथे स्कॅन. ५५०० रकमा, नंबर पॅडवर दहा-अकरा तास. स्वच्छ ३८० पानांना कोणी हात लावायचा नाही, फक्त पानाच्या तळाशी छापलेली बेरीज आणि आपली बेरीज जुळते का ते बघायचं, जुळली नाही तरच पान उघडायचं. ऐंशी-नव्वद पानं उघडावी लागतील असा अंदाज होता. पण २००मधे २ हा अंदाजच कच्चा, खरा दर साडेतीन टक्क्यांपर्यंतही असू शकतो, आणि आठच पानं म्हणजे त्याहून कच्चा, कारण चुका सुट्या पडत नाहीत, एका खराब पानावर गठ्ठ्याने पडतात. म्हणून वेळ मी दुप्पट धरून ठेवला. पार्टीच्या नावांना पेढीच्या १४० नावांची यादी लावली, वजनाचं रकमेसारखंच केलं, बाकी कॉलम तसेच सोडले आणि मुनीमजींना ते सोडलेत हे लिहून दिलं.

शेवटी नवीन सहा पानं चिठ्ठीने काढली, आधीच्या २४ मधली एकही नाही, कारण ती आमच्या हाताखालून गेलेली होती. १५० रकमा, एकही चूक नाही. शून्य आलं की लोक १०० टक्के लिहितात. तीनला खान्यांच्या संख्येने भागा, तेवढी चूक अजूनही शिल्लक असू शकते, इथे दोन टक्के. मुनीमजींना तसंच सांगितलं.

‘‘म्हणजे शंभरात दोन?’’

‘‘जास्तीत जास्त. कमी असेल, पण शपथ घेणार नाही.’’

ते म्हणाले, विजयनगरवाल्यांनी असं कधी सांगितलं नाही. (हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, खोटं कशाला बोलू.) मग पान ४१२ मागितलं, बोटांवर बेरीज केली, जुळली. मग त्यांच्या मनाने चार पानं. तीन जुळली, चौथ्याला ९०० रुपयांचा फरक. माझे हातपाय गार. स्कॅन उघडला तर एका छापील रकमेवर काट मारून कोणीतरी पेनाने वर नवी रक्कम लिहिली होती आणि तळाची छापील बेरीज जुनीच राहिली होती, आम्ही तपासून पेनाची रक्कम घेतली होती. मुनीमजींनी चष्मा वर केला, स्क्रीनच्या जवळ आले आणि बराच वेळ बघत राहिले.

‘‘हा सात माझाच आहे,’’ ते म्हणाले, आणि चेकबुक काढलं.