चौथ्या चरणातली मोकळी जागा

पंचवटी, ज्येष्ठ वद्य नवमी

परवा, म्हणजे योगिनी एकादशीला सकाळी साडेसहा वाजता, माझा नवा अभंग यूट्यूबवर प्रसिद्ध होईल. संत निवृत्तिनाथांवरचा हा अभंग त्यांच्या समाधिदिनाच्या, ज्येष्ठ वद्य द्वादशीच्या, आदल्या दिवशी लोकांपर्यंत पोहोचावा अशी माझी इच्छा होती आणि ती आता पूर्ण होत आहे.

या अभंगाचे बीज पौष वद्य एकादशीच्या यात्रेत त्र्यंबकेश्वरी रुजले. समाधी मंदिराबाहेरच्या रांगेत उभी असताना मनात एकच गोष्ट घोळत होती. ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई या तिन्ही धाकट्या भावंडांना निरोप दिल्यानंतर, शके 1219 मध्ये म्हणजे इ. स. 1297 मध्ये, या थोरल्या भावाने ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी समाधी घेतली. ज्ञानदेवांचे गुरू म्हणून आपण त्यांना वंदन करतो. मला मात्र त्या दिवशी त्यांचे थोरलेपण जाणवत राहिले. घरी परतताना बसमध्येच पहिल्या ओळी लिहिल्या.

ब्रह्मगिरीतळी । उभा माझा नाथ ।
पाठीवरी हात । थोरल्याचा ॥

गोदेचिया काठी । पाऊल थांबले ।
नाव ओठी आले । निवृत्तीचे ॥

पहिल्या कडव्याचा चौथा चरण मात्र तेव्हा असा नव्हता. मी ‘थोरल्या भावाचा’ असे लिहिले होते. अर्थ पुरा होता, चालही भीमपलासात सहज बसली होती, तरीही तालमीला उभे राहिले की तिथे दर वेळी श्वास अपुरा पडायचा. पंधरा दिवस मी चालच बदलत राहिले. शेवटी आमचे पखवाजवादक काका म्हणाले, “ताई, चाल सोडा, अक्षरे मोजा. टाळकऱ्यांनी उचलायचे कुठे?”

मोजले आणि चूक लगेच ध्यानात आली. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण प्रत्येकी सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा असतो, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. आमच्या चालीत एक चरण भजनी ठेक्याच्या आठ मात्रांच्या एका आवर्तनात बसतो. सहा अक्षरे सहा मात्रांवर येतात आणि शेवटचे अक्षर उरलेल्या दोन मात्रांवर लांबते. चौथा चरण चार मात्रांत संपतो, आणि मागे राहिलेल्या चार मात्रा टाळकऱ्यांच्या असतात; तिथे ते श्वास घेतात आणि ध्रुपद उचलतात. माझ्या सहा अक्षरांनी त्यांची जागा बळकावली होती. ‘भावाचा’ हा शब्द काढून ‘थोरल्याचा’ एवढेच ठेवले तेव्हा ठेका मोकळा झाला आणि ओळही अधिक जवळची वाटू लागली, कारण घरात आपण ‘आमचा थोरला’ असेच म्हणतो, ‘थोरला भाऊ’ क्वचितच.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी पुन्हा याच जागेने परीक्षा पाहिली. सगळ्यांनी एका खोलीत उभे राहून गावे असा माझा आग्रह होता. पहिल्या दिवशी तसे गायलोही, पण टाळांचा नाद माझ्या मायक्रोफोनमध्ये इतका शिरला की ‘थोरल्याचा’ मधला शेवटचा ‘चा’ त्याखाली पार बुडाला. टाळ कमी करावेत तर माझा आवाजही मंद होत होता. दुसऱ्या दिवशी टाळ वेगळे मुद्रित केले, तेव्हा ते नुसत्या ठोक्यांवर अगदी कोरडे वाजले. मग टाळकऱ्यांच्या कानांत माझे गाणे सोडले आणि त्यांना माझ्यामागे म्हणायला सांगितले, तेव्हा कुठे त्यांच्या हातांत वारी उतरली. काका मात्र वातानुकूलित खोलीवर नाराज होते, कारण पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक तिथे लवकर सुकत होती आणि दर दोन मुद्रणांनंतर बोटे ओली करून ते ती पुन्हा सारखी करत होते. त्यांच्या त्या कष्टांमुळेच डाव्याचा घुमारा शेवटपर्यंत टिकला आहे.

नाथांची पालखी नाशिकहून केव्हाच पुढे गेली आहे. जे वारीला गेले आहेत त्यांनी मुक्कामी, आणि जे माझ्यासारखे मागे राहिले आहेत त्यांनी घरी, एकादशीच्या सकाळी हा अभंग अवश्य ऐकावा. शक्य असल्यास पहिल्यांदा फोनच्या स्पीकरवर न ऐकता कानाला हेडफोन लावून ऐकावा, म्हणजे डावा नीट ऐकू येईल. दुसऱ्यांदा ऐकताना ‘थोरल्याचा’ नंतरच्या चार मात्रांत तुम्ही स्वतः ध्रुपद उचला. ती जागा तुमच्यासाठीच मोकळी ठेवली आहे.