लांबीखाली लपलेली चीर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यातलं हे काम. होऊन बरेच दिवस झाले, तरी डोक्यातून जात नाही.

टॉवेलचा ताका तपासून गुंडाळायचं मशीन होतं. गुंडाळीवर साधारण 40 किलोचा दाबरोलर बसतो. ऑपरेटर आपल्या बाजूचा हँडल ओढतो आणि आडवा नळीचा शाफ्ट फिरून दोन्ही टोकांचे लिव्हर रोलर उचलतात. तक्रार अशी की ऑपरेटरकडची बाजू उचलते, पलीकडची मागे राहते. रोलर तिरका होऊन कडेचे टेरीचे लूप ओढले जायचे. मालकांनी बेअरिंगा बदलल्या होत्या, लिव्हर बदलले होते. मशीन बनवून देणाऱ्याचं म्हणणं, ऑपरेटर झटका देतो. आपल्याकडे मशीन बिघडलं की आधी ऑपरेटरकडे बोट दाखवतात, याची मला मनापासून चीड आहे.

हँडल धरून ठेवायला सांगितलं आणि मोजलं. पलीकडचा लिव्हर जवळजवळ 20 मिमी मागे होता. सोडलं की सगळं जागेवर. कुठे वाक नाही, तडा नाही. म्हणजे शाफ्टच पीळ खात होता, आणि तोही स्प्रिंगसारखा.

हिशोबात हे बसेना. नळी बाहेरून 63 मिमी, जाडी 3 मिमी, लिव्हरमधलं अंतर दीड मीटर. पलीकडे रोलरचं अर्धं वजन, म्हणजे सुमारे 200 न्यूटन, 100 मिमीच्या लिव्हरवर. पीळ 20 न्यूटन-मीटर. एवढ्याने अशी नळी अंशाचा विसावा भागसुद्धा फिरू नये. लिव्हरच्या टोकाला ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी भरतं.

मग रंगावर नख फिरवलं. एका सरळ रेषेत रंग बारीक तडकलेला होता. खरवडल्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, निघाली आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी फट. बाजारातली नळी नव्हतीच ती; 3 मिमीचा पत्रा रोलिंग करून गोल केलेला, वेल्डिंगचे टाके ग्राइंडरने घासून काढलेले आणि वर लांबी भरून रंग. फटीवर आडवी पेन्सिलरेघ मारली आणि हँडल ओढायला लावला. रेघ फटीपाशी तुटली. एक काठ दुसऱ्याच्या मानाने नळीच्या लांबीच्या दिशेने पाऊणएक मिमी सरकला. चीर असलेली नळी ओळखायची याहून पक्की खूण मला माहीत नाही.

फॅब्रिकेटरला फोन केला. तो म्हणाला, “त्यातनं काय पाणी जायचंय व्हय साहेब? उगं वेल्डिंगचा खर्च कशाला?”

त्याचा हा समज पुष्कळ जणांचा असतो: पत्रा तेवढाच, वजन तेवढंच, मग ताकद कशी कमी होईल? बंद नळीत पिळाचा ताण परिघावरून एकाच दिशेने सलग फिरतो, आणि त्याला मधल्या अक्षापासून पूर्ण त्रिज्येचा हात मिळतो. चीर पाडली की तो काठावर अडतो. पुढे जायला वाट नाही, म्हणून पत्र्याच्या बाहेरच्या अंगाने जातो आणि आतल्या अंगाने परत येतो. आता त्याला हात उरतो तो फक्त पत्र्याच्या जाडीइतका. नळी पिळाला किती विरोध करते ते सांगणारा आकडा म्हणजे J. म्हणून बंद नळीचा J आहे 2πr³t, आणि चिरलेलीचा 2πrt³/3; r सरासरी त्रिज्या, t जाडी. भागाकार 3(r/t)². इथे सरासरी त्रिज्या 30, जाडी 3. म्हणजे 300 पट फरक. चिरलेली नळी त्याच पिळाला साडेबारा अंशांहून थोडी जास्त फिरते, लिव्हरवर 22 मिमी. मोजलेल्याच्या जवळच.

ताण 300 पट वाढत नाही, 3r/t म्हणजे 30 पट वाढतो. बंद नळीत तो 1.2 मेगापास्कल आला असता, इथे 35. साध्या पोलादाला हे सहज पेलतं, म्हणून काहीच तुटलं नाही आणि कुणाला संशयही आला नाही.

हा हिशोब टोकं मोकळी असतील तरच लागू. इथे लिव्हर एकेका बोल्टाने बसवले होते, काठ सरकायला मोकळे. टोकांना जाड प्लेटा वेल्ड केल्या असत्या, तर काठांचं सरकणं अडून इतक्या आखूड नळीचा पीळ बराच कमी झाला असता, पण बंद नळीची सर आली नसती.

शिवण पूर्ण लांबीभर वेल्ड करून घेतली, थोडी इकडे थोडी तिकडे, उष्णतेने नळी वाकू नये म्हणून. त्या शिवणीवर मिलिमीटरला साडेतीन न्यूटनच भार येतो. अगदी साधं वेल्डिंग पुरतं. एका दुपारचं काम. नंतर दोन्ही लिव्हर एकदम उचलले. पलीकडचा उशीर जाणवेना.

त्याच माणसाने आणखी मशीनं दिलेली आहेत. त्यातल्या काहींवर रोलर याहून जड आहेत, आणि रंग सगळ्यांवर तसाच गुळगुळीत आहे. मालकांना पत्ते मागितलेत. एकेका शाफ्टवर पेन्सिलरेघ मारून बघायची आहे.