दोन्ही बूट आठ नंबरचेच

आमचा कारखाना चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीजवळ. काम ऑर्डरचं, म्हणजे गिऱ्हाईक बहुतेक वेळा दुकानातल्या बुटांना कंटाळूनच आमच्यापर्यंत येतं. त्या दिवशी आलेले गृहस्थ कॉलेजात शिकवणारे, सहा-सहा तास उभे राहणारे. पिशवीतून त्यांनी तीन जोड काढले. एक काळा फॉर्मल आठ नंबर, दुसऱ्या कंपनीचा तसाच पण नऊ नंबर, आणि बेचाळीस नंबरचे स्पोर्ट्स शूज. म्हणाले, "आठ करंगळीला चावतो, म्हणून नऊ घेतला, तर टाच निघते. आणि हा बेचाळीस म्हणजे आठच ना? मग हा कसा मस्त बसतो? माझा पाय जरा रुंद आहे, तुम्ही रुंदच करा."

बुटाचा नंबर काढतात तो फर्म्याच्या, म्हणजे ज्या साच्यावर बूट घडवतात त्याच्या लांबीवरून, पायाच्या नाही. इंग्लिश पद्धतीत एक नंबर म्हणजे इंचाचा एक तृतीयांश, साधारण साडेआठ मिलिमीटर. आठ नंबरचा फर्मा अकरा इंचांचा, म्हणजे 279 मिमी. युरोपच्या पद्धतीत एक नंबर दोन तृतीयांश सेंटिमीटर; बेचाळीस म्हणजे 280. कागदावर दोन्ही सारखेच. पण चवड्याचा घेर किती, टोक कुठे निमुळतं होतं, फर्मा आतल्या बाजूला किती वळतो, यातलं काहीच त्या आकड्यात नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि प्रत्येक जण आपापल्या फर्म्यावर ठरवतो.

त्यांना उभं करून, दोन्ही पायांवर वजन देऊन मापं घेतली. लांबी 264, चवड्याचा घेर 250. आठ नंबरला हा घेर काही रुंद म्हणता येत नाही. मग पायाखालच्या कागदावर पेन्सिल फिरवली. पेन्सिल उभी धरावी लागते. आत झुकली की पाय कागदावर अरुंद दिसतो आणि पुढचं सगळं हुकतं.

आता खरी गंमत. रेखाटनात टाचेच्या रुंदीचा मध्य दोन ठिकाणी काढला आणि ती रेघ पुढे ओढली. ती दुसऱ्या बोटावरून गेली. म्हणजे पाय बऱ्यापैकी सरळ. काळा आठ नंबर उलटा करून तळावर खडूने तशीच रेघ मारली, तर ती चौथ्या बोटाच्या जागी बाहेर पडली. तळाचा मोठा भाग रेघेच्या आत, अंगठ्याकडे. हा वळणदार फर्मा. सरळ पाय त्यात घातला की चवडा वळत नाही, मग करंगळीची बाजू तळाच्या कडेवरून बाहेर ओघळते. बुटावर खूण होतीच: करंगळीच्या सांध्यापाशी चामडं फुगून तळाबाहेर आलेलं, आणि अंगठ्याच्या बाजूला सुरकुतीसुद्धा नाही. स्पोर्ट्स शूजवर मात्र खडूची रेघ जवळजवळ मध्यावरून गेली.

कागदाचा पाय कापून मी बुटाच्या इनसोलवर ठेवला. बाहेरच्या बाजूला कागद सहा-सात मिमी उघडा राहिला, आतल्या बाजूला तेवढीच जागा मोकळी. सर बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे जागा आहे, पण चुकीच्या बाजूला."

नऊ नंबरनेही यात काही साधत नव्हतं. लांबी साडेआठ मिमी वाढते, तशी बुटाची सर्वांत रुंद जागाही पुढे सरकते. पाय चवड्यावर वाकतो, बूट त्याच्या पुढे वाकतो, आणि चालताना टाच वर येते. वळण तेच राहतं.

आमच्यातले कारागीर अशा वेळी फर्म्यावर बाहेरून चामड्याचा तुकडा चिकटवतात, तासून कडा मिळवतात. घेर वाढवायला हा उत्तम उपाय, मीही करतो. पण त्याने अप्पर, म्हणजे बुटाचं वरचं चामडं फुगतं, तळाची दिशा बदलत नाही. म्हणून मांडणीवरून दुसरा, सरळ फर्मा काढला. आठ नंबरचाच, घेर थोडा कमीच. अप्परचे कागदी पॅटर्न नव्याने काढावे लागले, कारण वळणदार फर्म्याचं अप्पर सरळ फर्म्यावर ओढलं की शिवण तिरकी बसते.

सपाट तळव्याला सरळ फर्मा आणि कमानदार पायाला वळणदार, असं दुकानांत सर्रास सांगतात. ठोकताळा म्हणून ठीक. पण मी सपाट असून आत वळलेले पायही पाहिलेत. रेघ मारल्याशिवाय मी फर्म्याला हात लावत नाही.

ट्रायलला सरांनी नवा जोड घालून जिना चढून-उतरून बघितला. मग जुन्या आठचं काय करायचं म्हणून विचारलं. करंगळीपाशी गोळी लावून तो मशीनवर ताणता येतो, दोन-तीन मिमी सुटतात. पण तळ तेवढाच राहणार, चामडं आणखी बाहेर लोंबणार. "राहू द्या," म्हणाले, आणि तो जोड इथेच ठेवून गेले.