करंज्या तेलात फुटायच्या कशा थांबल्या

गेल्या दिवाळीत पहिल्याच घाण्यात सहापैकी तीन करंज्या उकलल्या. सारण बाहेर, साखर जळून तेलात काळे काळे कण, आणि ते कण पुढच्या करंज्यांना चिकटणार म्हणून गॅस बंद करून तेल गाळत बसले. मला वाटलं मोहन जास्त झालं असेल, पण एक वाटी बारीक रवा, एक वाटी मैदा आणि दोन टेबलस्पून कडकडीत तूप, म्हणजे नेहमीचंच प्रमाण होतं, आणि पीठ दुधात घट्ट भिजवून तासभर झाकूनही ठेवलेलं.

तेवढ्यात परळहून सासूबाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अगं, आधी तो पंखा बंद कर!" आता मुंबईतली ऑक्टोबरची उकाड्याची दुपार, त्यात गॅसपाशी उभं राहायचं, पंखा कोण बंद करणार? पण चूक तीच होती. मी दहा-बारा पुऱ्या एकदम लाटून ठेवायचे, वाऱ्याने त्यांच्या कडा सुकायच्या आणि सुकलेली कड कितीही दाबा, चिकटल्यासारखी फक्त दिसते.

मग त्यांनी एकच पुरी लाटायला लावली, कडेला पातळ आणि मध्ये जरा जाडसर, बाकीच्या लाट्या ओल्या फडक्याखाली. सारण दीड चमचाच. आमचं सारण म्हणजे भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, वेलची, पिठीसाखर, आणि ते भुरभुरीत असल्याने चमच्यातून कडेवर सांडतंच. माझ्या करंज्या बहुतेक तिथेच उघडत होत्या कारण कडांमध्ये खोबऱ्याचा एक कण अडकला तरी तिथे फट राहते. आता सारण चमच्यानेच दाबून घट्ट करते, मधोमध ठेवते, कड बोटाने पुसते आणि मगच अर्ध्या कडेला दुधाचं बोट फिरवते. दूध अगदी थोडं हं, जास्त झालं तर कडा घसरतात.

पुरी दुमडल्यावर आधी सारणाला लागून बोटं फिरवत आतली हवा बाहेर काढायची आणि शेवटी कड दाबायची. मी उलटं करत होते, कड आधी बंद. मग कोंडलेली हवा तेलात फुगते आणि जिथे कच्चं असेल तिथून फाडून निघते. कातण्याने कापतानाही सारणाच्या फार जवळ जायचं नाही, बोटाच्या अर्ध्या पेराएवढी कड सोडायची. मुरड घातली तर आणखी पक्कं, पण माझी मुरड अजून वाकडीच येते.

तयार करंज्याही ओल्या फडक्याखालीच. तेल मध्यम तापवून, पिठाचा तुकडा टाकला की बुडबुडे येत हळूहळू वर आला पाहिजे, मग आच मंद करून एका वेळी चारच सोडल्या आणि वरून झाऱ्याने तेल उडवत राहिले. उरलेल्या एकोणीसपैकी एकच फुटली, ती मी फोन घ्यायला गेले तेव्हा फडक्याबाहेर राहिलेली.