सरक बाजूले, फाटी जाई! : मांड्याच्या व्हिडिओची पहिली ओळ

कोपरापर्यंत पसरलेला मांडा हातावर असताना काकू कुणाला दाद देत नाहीत. कणकेत पुरणाचा भार असतो. हात थांबले की तो भार एकाच जागी लोंबायला लागतो आणि तिथेच मांडा फाटतो. म्हणून उंडा हातावर घेतल्यापासून मांडा खापरावर पडेपर्यंत हात फिरतेच ठेवावे लागतात. सगळा खेळ मिनिटभराचाही नसतो. आमच्या शॉर्ट व्हिडिओची पहिली ओळ मला याच खेळाच्या मधून काढायची होती आणि ती कशी सापडली तेच इथे लिहितोय.

आम्ही अमळनेरचे. काकू लग्नाकार्याला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे करून देतात. चूल पेटलेली, तिच्यावर पालथं मातीचं खापर, शेजारी वस्त्रगाळ पिठाची तार येईपर्यंत मळलेली कणीक. चुलत बहीण फोनवर चित्रीकरण आणि एडिटिंग करते, बोलायचं आणि लिहायचं काम माझ्याकडे. व्हिडिओ चाळीस-पन्नास सेकंदांचा करायचा, हे आधीच ठरलं होतं.

आपल्याकडे सुरुवात म्हटली की आधी नमन येतं. कीर्तनात येतं, तमाशात गण येतो, आणि ते तिथे शोभतंही, कारण ऐकणारा आधीच येऊन बसलेला असतो. फोनवर कुणी बसलेलं नसतं. अंगठा चालू असतो, आणि त्याला सवय झालेली असते एका ठरलेल्या चित्राची: समोर चेहरा, हात जोडलेले, "नमस्कार मंडळी, आज आपण पाहणार आहोत..." हे वाक्य सावकाश म्हटलं तर तीन-चार सेकंद जातात आणि तोवर मांड्यातलं काहीच दिसलेलं नसतं. ही सवय मोडायची तर आधीच्या व्हिडिओसारखं काहीच नको, ना चित्र, ना आवाज, ना वाक्याचा घाट. म्हणून पाहणाऱ्याला थेट कामाच्या मध्यावर उतरवायचं आणि ओळख मागाहून द्यायची.

पण मध्य म्हणजे नेमका कुठला? इथे बहिणीने एक चांगली गोष्ट केली. तिने मला काही लिहू दिलं नाही. आधी सगळं फुटेज आवाज बंद करून बघायला लावलं. कणीक मळणं, उंड्यात पुरण भरणं, हातावर फिरवणं, खापरावर टाकणं, भाजणं, गरम असतानाच घडी घालणं. यात हालचाल सगळीकडे आहे, पण पुढे काय होईल याची धाकधूक एकाच ठिकाणी आहे. पुरण भरताना काही बिघडलं तर उंडा परत वळता येतो. भाजताना मांडा आधीच खापरावर बसलेला असतो. हातावर मात्र मागे फिरता येत नाही आणि पुढचं अजून ठरलेलं नसतं. मांडा मनगटाच्या पलीकडे जाऊन कोपराकडे सरकतो आणि त्याची कड पारदर्शक दिसायला लागते, ती फ्रेम आम्ही पकडली. पहिली ओळ त्या फ्रेमसाठी लिहायची, मांड्यांच्या विषयासाठी नाही. असं ठरल्यावर काम निम्म्याने सोपं झालं.

तरी सुचलेल्या ओळी लगेच बसल्या नाहीत. "एवढा मोठा मांडा तुम्ही कधी पाहिलाय का?" ही बऱ्यापैकी वाटत होती. पण प्रश्न विचारला की पाहणारा मनात उत्तर देतो. खान्देशातला माणूस "हो, घरीच बघतो" म्हणतो आणि जातो. शिवाय हा प्रश्न कामाच्या बाहेर उभं राहून विचारलेला आहे. मग लिहिलं, "काकू मांडा हातावर फिरवत खापराकडे नेत आहेत." काम आलं, पण डोळ्यांना दिसतंय तेच कान पुन्हा ऐकतायत, आणि त्यात बिघडण्यासारखं काही आहे हे कळतच नाही. त्यानंतरची ओळ होती, "आता हात थांबले तर पुरण चुलीत." इथे पहिल्यांदा धोका आला. वाक्य छोटं आहे, खरं आहे, आणि "आता" या शब्दामुळे पाहणारा त्या क्षणात येतो. आमच्याकडे याहून चांगलं काही नसतं तर मी हीच ठेवली असती.

मराठीत लिहिताना आणखी एक अडचण येते. आपलं क्रियापद शेवटी बसतं. "काकू कोपरापर्यंत पसरलेला मांडा खापरावर टाकतायत" यात टाकण्याची क्रिया कळायला अख्खं वाक्य ऐकावं लागतं, आणि अंगठा तोवर थांबत नाही. लिहिताना हा क्रम साहजिक वाटतो, पण घाईत बोलताना आपण तो सर्रास मोडतो. "पकड ते!", "उतरव आधी दूध!", "गेलं बघ पाणी!" इथे क्रियापद आधी येतं, बाकीचं मागून. म्हणून पहिली ओळ वहीत लिहिण्यापेक्षा तोंडाने म्हणून पाहावी आणि पहिल्या दोन शब्दांत क्रिया येते का ते तपासावं. आज्ञार्थ इथे फार उपयोगी पडतो, कारण आज्ञा ऐकली की काहीतरी आधीपासून चालू आहे हे गृहीत धरलं जातं.

नेमकी अशी ओळ फुटेजमध्येच होती. मी चुलीजवळ फार वाकलो होतो, आणि मांडा हातावर असतानाच काकू माझ्याकडे न बघता ओरडल्या होत्या, "सरक बाजूले, फाटी जाई!" बहिणीला ती आवाज लावून बघताना सापडली. सरक, ही आज्ञा. फाटी जाई, हा धोका. दोन सेकंदांच्या आत सगळं संपतं आणि बोलणाऱ्या बाईचे हात खरोखर अडकलेले आहेत हे तिच्या आवाजात ऐकू येतं.

तिथे चुलीचा धूर मध्ये आला होता, म्हणून बहिणीने दुसऱ्या मांड्याच्या वेळी काकूंना तेच पुन्हा म्हणायला सांगितलं. काकूंनी म्हटलंही, पण वाक्य उतरत गेलं, शेवटी आवाज पडला, आणि डोळे कॅमेऱ्याकडे गेले. हुकमी म्हटलेलं वाक्य ऐकणाऱ्याला लगेच कळतं. आम्ही धुराची मूळ फ्रेमच ठेवली. स्वच्छ मांड्याच्या चित्रावर त्या ओळीचा आवाज चिकटवता आला असता, पण मला ते पटलं नाही. काकू ज्या मांड्याबद्दल ओरडल्या, तोच मांडा दिसला पाहिजे.

अहिराणी ठेवायची की नाही यावर थोडी चर्चा झाली. पुण्या-कोल्हापूरच्या माणसाला "बाजूले" आणि "फाटी जाई" कळेल का? माझं मत असं की सूर आणि हात दिसत असताना ते कळतं, आणि एरवी सतत कानावर पडणाऱ्या मराठीपेक्षा वेगळा आवाज आल्याने अंगठा उलट जास्त थांबतो. फक्त पडद्यावर मोठ्या अक्षरांत "फाटेल!" एवढाच शब्द टाकला, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. तो शब्द वरच्या बाजूला ठेवला. खाली चॅनेलचं नाव आणि उजवीकडे लाइकची बटणं येतात, तिथे अक्षरं झाकली जातात.

कापतानाही पहिल्या शब्दाच्या आधी काही उरू द्यायचं नाही. काकूंच्या आवाजाआधी अर्धा सेकंद फक्त चुलीचा तडतडाट होता. तीस फ्रेमच्या चित्रीकरणात अर्धा सेकंद म्हणजे पंधरा फ्रेम. त्या काढल्या आणि "स" चा सूर मात्र छाटला जाणार नाही एवढी जागा सोडली.

पहिल्या ओळीइतकीच महत्त्वाची असते ती दुसरी ओळ. मध्येच टाकलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे फार वेळ कळलं नाही तर तो वैतागतो. मी दुसरं वाक्य असं घेतलं, "हात थांबले की फाटतो हा मांडा, म्हणून काकू खापरावर टाकेपर्यंत थांबत नाहीत." यात कोण, काय आणि का हे तिन्ही आलं, आणि चित्र त्याच क्षणात राहिलं. अमळनेर, आखाजी, आमरस हे सगळं मांडा खापरावर अख्खा पडल्यानंतर. धाकधूक संपली की पाहणारा ओळख ऐकायला मोकळा असतो. "थोडं मागे जाऊया" म्हणून कणीक मळण्यापासून सुरुवात करायचा मोह मी टाळला. पन्नास सेकंदांत मागे गेलं की लटकवून ठेवलेला मांडा पाहणारा विसरतो. कणीक दाखवायची होती, ती दुसरा उंडा हातात घेताना दाखवली.

टिकलं की नाही हे बघायला व्ह्यूजचा आकडा कामाचा नाही. यूट्यूबने 31 मार्च 2025 पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरायला सुरुवात केली, त्यामुळे लगेच पुढे सरकलेला माणूसही त्यात मोजला जातो. यूट्यूबच्याच स्टुडिओ अ‍ॅपमध्ये किती जणांनी पाहिलं आणि किती जण स्वाइप करून गेले याचं प्रमाण वेगळं दिसतं. पहिल्या ओळीची परीक्षा तिथे होते. कुठल्या सेकंदाला किती जण उरले हे दाखवणारा आलेखही बघावा. अगदी सुरुवातीला घसरण कमी आणि तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला खोल खड्डा असेल, तर पहिल्या ओळीने थांबवलं पण दुसरीने सोडलं असं समजावं आणि दुसरी बदलावी. खड्डा मांडा खापरावर पडतो तिथे असेल, तर दिलेला धोका फुसका होता. फाटण्याची भीती घालायची आणि मांडा फाटण्याच्या जवळपासही नसायचा, असं केलं की लोक पुढच्या वेळी आपल्या ओरडण्यावर विश्वास ठेवत नाहीत. आमच्या मांड्याची कड खरंच उसवायला आली होती, ती झूम न करताही दिसते.

याच ओळीची नक्कल पुढच्या प्रत्येक व्हिडिओत करता येत नाही. प्रत्येक वेळी "थांबा!", "सरका!" झालं की तोच नवा नमस्कार होतो. वांगी भाजतानाचा व्हिडिओ केला तेव्हा पहिली ओळ ओरडण्याची नव्हतीच. काकू कानाजवळ हात नेऊन हळूच म्हणतात, "ऐक, पाणी सुटलं," आणि आरावरच्या वांग्याचा चर्र आवाज येतो.

आणि मांड्यांच्या संपूर्ण कृतीचा मोठा व्हिडिओ आम्ही वेगळा केला, त्यात ही पद्धत जवळजवळ सोडून दिली. तिथे माणूस शीर्षक वाचून, पीठ किती आणि पुरण किती हे समजून घ्यायला आलेला असतो. त्याला थांबवायची गरज नसते. हातावरचा मांडा चार-पाच सेकंद दाखवला, आणि लगेच काकू गव्हाबद्दल बोलायला लागतात.