बाईंच्या परिचयाचे 120 शब्द आणि अकरा दिवस

स्नेहसंमेलनाच्या पुस्तिकेत आमच्या मुख्याध्यापिका बाईंचा परिचय लिहायचं काम यंदा माझ्याकडे होतं. मी मराठी शिकवतो. फोटोशेजारी मावेल एवढाच मजकूर हवा होता, म्हणजे फार तर 120 शब्द. लिहायला दोन संध्याकाळी लागल्या. मंजुरीला अकरा दिवस गेले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. पूर्वी मुलंही कोयत्यामागे जायची आणि शाळा सुटायची. बाईंनी घरोघर जाऊन आजी-आजोबांना तयार केलं आणि मुलं मागे ठेवून घेतली. रोज संध्याकाळी सातला फडावरून आईबापांचे फोन येतात ते बाईंच्या मोबाइलवर. शाळेजवळच्या पारावर मुलं रांगेत उभी राहून बोलतात. गावाचा बाईंवर किती विश्वास आहे हे दाखवायला मला याहून चांगलं काही सुचलं नाही, म्हणून परिचयाच्या मधोमध हेच लिहिलं:

"ऊसतोडीला गेलेले पालक रोज सातला फडावरून बाईंना फोन करतात, मुलांशी बोलतात आणि अभ्यासाचंही विचारतात."

हा मजकूर संस्थेच्या कार्यालयात गेला आणि तिथेच अडकला. पहिले चार दिवस सचिव साहेब दौऱ्यावर. पाचव्या दिवशी कागद सापडेना, मी दुसरी प्रत दिली. आठव्या दिवशी लाल शाईने दुरुस्त होऊन आला. फडाचं वाक्य खोडलेलं आणि वर लिहिलेलं: "कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय व विद्यार्थीप्रिय मुख्याध्यापिका यांच्या कुशल नेतृत्वाखाली शाळेने उत्तुंग भरारी घेतली आहे."

हे वाक्य जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या पुस्तिकेत चालेल. नाव झाकलं तर माणूस ओळखता येत नाही, आणि परिचय फसला हे मी त्यावरूनच ओळखतो. सचिव साहेबांना भेटलो तर म्हणाले, "सर, पाहुणे येणार. ऊसतोडीचा उल्लेख कशाला? पालकांनाही कमीपणा वाटेल."

पालकांना काय वाटेल हे पालकांनाच विचारावं, असं मला वाटलं. आमच्या पालक-शिक्षक संघाचे उपाध्यक्ष स्वतः तोडीला गेलेले. अकराव्या दिवशी सातच्या सुमारास मी पुन्हा कार्यालयात गेलो, त्यांना फोन लावला, वाक्य वाचून दाखवलं आणि स्पीकर सुरू केला. ते म्हणाले, "साहेब, आमी तोडीला जातो, चोरी नाय करत. बाईंनी पोरं सांभाळली ते छापा की." सचिव साहेब थोडा वेळ गप्प बसले आणि मूळ मजकुरावर सही केली. त्यांच्या बाजूने हेही सांगतो की त्यानंतर त्यांनी एकही शब्द बदलला नाही.

पुन्हा हे काम आलं तर मजकुरासोबत परत देण्याची तारीख लिहीन आणि दिलेल्या प्रतीवर पोच घेईन. पालकांची संमती आधीच घेईन. आणि कुठल्याही एका मुलाची गोष्ट ओळखू येईल अशी लिहिणार नाही. यंदाही "पालक" असंच अनेकवचन ठेवलं.

बाकीचा मजकूर सरळ झाला. शैक्षणिक कामासाठी पदव्यांची ओळ एकच ठेवली आणि उरलेली जागा वाचनवर्गाला दिली: नववीत आलेल्या प्रत्येक मुलाचं वाचन बाईंनी तपासलं, मागे राहिलेल्यांसाठी शाळेआधी अर्धा तास वर्ग सुरू केला आणि पहिली दोन वर्षं तो स्वतः घेतला. निकालाची टक्केवारी घातली नाही, कारण तो सगळ्या शिक्षकांचा निकाल आहे. स्वभावासाठी शेवटची ओळ होती. बाईंना विचारून ती मिळाली नसती, शिपाई मावशींनी सांगितली: बाईंच्या टेबलाच्या खणात सुई-दोरा आणि शर्टाची बटणं असतात. "मायाळू" हा शब्द मग लागलाच नाही.

तारखेचं मात्र सेवापुस्तिकेतून बघून घ्या. बाईंनी प्रभारी म्हणून 2016 मध्ये काम हाती घेतलं आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता 2018 ची. क्लार्क सर मान्यतेची तारीख धरतात, गाव पहिली. मी "2016 पासून शाळेची जबाबदारी सांभाळतात" असं लिहिलं. ते दोघांनाही चाललं.

प्रेसमध्ये मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये गेला की जोडाक्षरं तुटतात. पहिल्या प्रुफात "मुख्याध्यापिका"तला ख्याच फुटला होता. म्हणून प्रुफ मोबाइलवर बघू नका, कागदावर मागा. आणि छापायच्या आधी एकदा मोठ्याने वाचा, कारण कार्यक्रमात निवेदक हाच परिचय माइकवरून वाचतो. माझं एक वाक्य एका दमात संपेना, ते तेव्हाच तोडलं.