आठ मिनिटांचं भाषण, तिसरा मसुदा: अ‍ॅडेनियमचा चॅनल आणि जोडउत्पन्न

कॉलेजच्या कार्यक्रमात बोलायला आठ मिनिटं आहेत. पहिला मसुदा चौदा मिनिटांचा झाला, कारण त्यात कॅमेरा, माइक, थंबनेल सगळंच होतं. विद्यार्थ्यांना ते कुठेही मिळतं, म्हणून काढून टाकलं. आता फक्त पैशांची वाट उरली आहे: छंदाचा व्हिडिओ कुठे थांबतो आणि बँकेत रक्कम येते कुठून. झाडं लावणाऱ्या आणि चॅनल चालवणाऱ्या मंडळींनी आकडे तपासून पाहावेत, म्हणून इथे टिपण ठेवत आहे.

सुरुवात उंबरठ्यापासून. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि गेल्या 12 महिन्यांत 4000 तास सार्वजनिक पाहणं लागतं. (दुसरा मार्ग 90 दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. झाडांच्या चॅनलला तो फारसा लागू पडत नाही.) 4000 तास ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून फळ्यावर हिशेब मांडायचा. 4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. सात मिनिटांचा व्हिडिओ लोक सरासरी तीन मिनिटं पाहतात असं धरलं, तर 80,000 व्ह्यूज हवेत. तेच सरासरी पाहणं चार मिनिटांवर नेलं, तर 60,000 पुरतात. म्हणजे नवा कॅमेरा घेण्यापेक्षा पहिल्या वीस सेकंदांतली "नमस्कार, कसे आहात सगळे" कापली तर काम जास्त होतं.

इथे दोन चुका सांगायच्या. शॉर्ट्स फीडमध्ये पाहिलेली मिनिटं या 4000 तासांत धरत नाहीत. व्हिडिओ खासगी केला किंवा काढून टाकला, की त्याचे तासही जातात. जुना ओशाळवाणा व्हिडिओ लपवायचा मोह आधी आवरावा. आठ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओत मध्ये जाहिरात टाकता येते, म्हणून पाच मिनिटांची कलम नऊ मिनिटांपर्यंत ताणणारेही बरेच दिसतात. प्रेक्षक किती वेळ टिकले ते दाखवणाऱ्या आलेखात मधल्या रटाळ भागाला रेषा खाली कोसळलेली दिसते, आणि मग मधली जाहिरात पाहायला कोणी उरत नाही.

आता रक्कम. आरपीएम म्हणजे हजार व्ह्यूजमागे आपल्या हातात येणारे पैसे, यूट्यूबचा वाटा गेल्यानंतरचे. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतला 55 टक्के वाटा आपला. भाषणासाठी आरपीएम 25 रुपये धरला आहे. विषय, महिना आणि प्रेक्षकांचा देश यांवर तो बदलतो. उंबरठ्याआधीच्या व्ह्यूजना काही मिळत नाही, पण त्यानंतरचे तेवढेच 80,000 व्ह्यूज या हिशेबाने 2,000 रुपये देतात. गूगलची जाहिरातीचे पैसे देणारी सेवा अ‍ॅडसेन्स 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. डॉलर 85 रुपये धरला तर 8,500 रुपये, म्हणजे 3,40,000 व्ह्यूज. लहान मराठी चॅनलला पहिली रक्कम यायला अनेक महिने लागतात, ते यामुळेच.

हे सांगून झालं की त्या शंभर डॉलरच्या वाटेत काय अडतं ते. 10 डॉलर झाले की पत्ता पडताळण्यासाठी त्या पत्त्यावर टपालाने पिन येतो. हॉस्टेलचा पत्ता दिला आणि वर्ष बदललं, तर पत्र परत जातं. चार महिन्यांत पिन भरला नाही, तर जाहिराती दिसणं थांबतं. म्हणून घरचा पत्ता द्यायचा, पिनकोडसह, पोस्टमनला कळेल असा. खात्यावरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळायला हवं. अठरा पूर्ण नसतील, तर अ‍ॅडसेन्स खातं पालकांच्या नावावर. परदेशातून पैसे यायला लागणारा स्विफ्ट कोड आपल्या बँक शाखेला नसेल, तर कोणता वापरायचा ते शाखेत विचारून घ्यावं, अंदाजाने भरू नये.

सगळ्यात महागात पडते ती कराच्या माहितीची टाळाटाळ. अ‍ॅडसेन्समध्ये W-8BEN हा अमेरिकेचा कराचा फॉर्म भरावा लागतो. तो न भरल्यास जगभरातल्या एकूण कमाईतून 24 टक्क्यांपर्यंत कापले जाऊ शकतात. भरून, पॅन देऊन भारत-अमेरिका कराराचा लाभ मागितला, तर अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या भागावरच 15 टक्के जातात. शंभर डॉलरपैकी वीस डॉलर तिकडच्या मराठी घरांतून आले असतील, तर कपात 3 डॉलर. फॉर्म नसेल, तर 24. तो भरायला वीस मिनिटं लागतात. (भारतातला प्राप्तिकर वेगळा. हे उत्पन्न विवरणपत्रात दाखवायचंच.)

मग जोडउत्पन्न कुठे? भाषणाचा शेवटचा अर्धा वेळ याच्यासाठी ठेवला आहे, आणि इथे अ‍ॅडेनियम या जाड बुंध्याच्या फुलझाडाचीच गोष्ट करायची, कारण कलमी रोपाचा हिशेब हाताने मांडता येतो. रोप टपालखर्चासह 300 रुपयांना विकलं असं धरू. ज्यावर कलम करायचं ते मूळ रोप 70, खोका आणि गुंडाळणं 30, टपाल 80. उरले 120. दहा रोपांचे 1,200. पण दहा टिकवायला तेरा कलमं करावी लागली, म्हणून तीन मूळ रोपांचे 210 वजा. पोचल्यावर एक सडलं आणि बदलून दिलं, 180 वजा. हातात 810. आरपीएम 25 ने एवढ्यासाठी 32,400 व्ह्यूज लागतील. त्यातही दहा रोपं विकायला हजारो नव्हे, विश्वास ठेवणारे दहा लोक पुरतात. चॅनलचं खरं काम तेच: कलम डोळ्यांसमोर लागताना दिसते.

म्हणून व्हिडिओत फसलेली कलमंही दाखवावीत. कलम करण्यासाठी फेब्रुवारी ते मे हा कोरडा, उबदार काळ. ब्लेड स्पिरिटने पुसायचं, काप एका सपाट झटक्यात घ्यायचा, दोन्ही सालींच्या कडा निदान एका बाजूने जुळवायच्या, पट्टीने घट्ट बांधून वर पिशवी घालायची आणि दहा-पंधरा दिवस सावलीत ठेवायचं. डोळा हिरवा आणि ताठ राहिला, दोन-तीन आठवड्यांत पालवी फुगली, तर लागली. काप काळा पडला किंवा काडी सुरकुतली, तर गेली. काप ओला राहिला किंवा बांधणी सैल झाली, ही नेहमीची दोन कारणं. आकाशात ढग दाटून असताना केलेल्या कलमांत बुरशीचं प्रमाण वाढतं.

पाठवताना माती धुवून मुळं सावलीत तीन-चार दिवस सुकवायची, वर्तमानपत्रात गुंडाळायचं, पाणी घालायचं नाही. ओलं पाठवलेलं रोप खोक्यात सडतं: बुंधा बोटाने दाबल्यावर मऊ लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये मी पाठवणं बंद ठेवायला सांगतो, मागणी कितीही असो. ते महिने मुळं कुजण्यावरचे व्हिडिओ काढण्याचे, त्या काळात शोधही त्याचाच होतो.

कंपनीने कुंड्या किंवा खत मोफत दिलं, तर व्हिडिओत "जाहिरात" असं ठळक लिहायचं आणि यूट्यूबची सशुल्क प्रचाराची खूणही करायची. वर्षभरात एकाच देणाऱ्याकडून 20,000 रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू मिळाल्या, तर 10 टक्के टीडीएसचा नियम लागू होतो. वस्तू फुकट, तरी तिची किंमत उत्पन्न धरली जाते. विद्यार्थ्यांना याचाच सगळ्यात जास्त धक्का बसेल असा माझा अंदाज.

मोजून पाहिलं: टपालाचा भाग वगळला तर भाषण सात मिनिटं चाळीस सेकंदांत बसतं. वीस सेकंद पहिल्या प्रश्नासाठी राखली आहेत. तो बहुधा "किती महिन्यांत पैसे येतात?" असाच असेल. उत्तराला 3,40,000 चा आकडा फळ्यावर तसाच ठेवायचा.